डावीकडेच का जातो बाण?

परभणीहून एका वाचकाने विचारले आहे: आठवीतल्या मुलीला एका मोठ्या खेळाडूने वापरलेले चांगले कार्बनचे बाण दिले, पण तिच्या 24 पाउंडाच्या धनुष्यातून ते सगळे डावीकडेच जातात. नेम चुकतो का? ती उजव्या हाताने दोरी ओढते, एवढे कळले की नेमापेक्षा बाणावर संशय घ्यावा लागतो.

बाण सरळ जातो हा आपला समज. बोटांवरून सुटताना दोरी किंचित डावीकडे सरकते, मागून धक्का बसतो आणि बाण वाकतो. मधला भाग आधी धनुष्याच्या बाजूला दबतो, मग उलट बाहेर फुगतो. या हेलकाव्यामुळेच त्याची शेपटी धनुष्याला न घासता निसटते. सारे घडते सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात. 1930च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपले. धनुर्विद्येच्या पुस्तकांबाहेर त्याचे नाव फारसे येत नाही, याची मला खंत वाटते.

बाणाने किती वाकावे, हे धनुष्याच्या जोरावर ठरते. त्याचे माप म्हणजे स्पाइन. 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाणाचा दांडा ठेवायचा आणि मध्ये सुमारे 880 ग्रॅमचे वजन टांगायचे. दांडा अर्धा इंच वाकला तर स्पाइन 500, एक इंच वाकला तर 1000. म्हणजे आकडा मोठा, तितका बाण लवचीक. मोठ्या खेळाडूच्या 40 पाउंडाच्या धनुष्याला साधारण 500-600 चा बाण जुळतो. 24 पाउंडाच्या धक्क्याला तो पुरेसा वाकतच नाही आणि डावीकडे फेकला जातो. उलट, फार लवचीक बाण उजवीकडे जातो.

मागची पिसे हवेचा रोध शेपटीकडे ठेवून बाण सरळ करतात. पण ती दोष दुरुस्त करतात, मिटवत नाहीत, आणि त्यात वेग खर्च होतो. म्हणून परीक्षा पिसांशिवाय करावी. 18 मीटरवर तीन पिसांचे आणि दोन बिनपिसांचे, एकाच स्पाइनचे बाण सोडा. बिनपिसांचे बाण गटाच्या डावीकडे लागले, तर बाण ताठ आहेत.

वजनही एकसारखे हवे. 20 ग्रॅमचा बाण सेकंदाला 55 मीटर वेगाने निघाला, तर 70 मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षण त्याला जवळपास आठ मीटर खाली ओढते. हे आधीच धरून नेम उंच घेतलेला असतो. त्यात 0.2 ग्रॅमने जड बाण आला, तर वेग किंचित घटतो आणि तो सुमारे पाच सेंटिमीटर खाली लागतो. 70 मीटरच्या लक्ष्यावर एका गुणाचा पट्टा 6.1 सेंटिमीटर रुंद असतो.

टोक जड केले की बाण जास्त वाकतो, पण त्याने थोडाच फरक पडतो. 600 चा बाण त्यामुळे 1000 सारखा होत नाही. आणि बाणासाठी धनुष्याचा जोर वाढवला, तर भार त्या मुलीच्या खांद्यावर येईल. तिला साधारण 1000 स्पाइनचे, स्वस्त का असेनात, पण एकाच वजनाचे बाण घेऊन द्या.