मस्तानीच्या मरणाची कोरी जागा

सिन्नरजवळच्या डुबेरे गावातल्या बर्व्यांच्या वाड्यात १८ ऑगस्ट १७०० रोजी बाजीराव जन्मला. ते त्याचं आजोळ. २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडी इथे तो तापाने गेला. तेव्हा मस्तानी शेकडो मैल दूर पुणे प्रांतात होती. त्याच हिवाळ्यात, तो नासिरजंगाशी लढत असताना, घरच्यांनी तिला कैद केलं होतं.

त्यानंतर थोड्याच काळात तीही गेली. कशी, हे समकालीन कागद सांगत नाहीत. ही कोरी जागाच कथेला जिवंत ठेवते, असं मला वाटतं. कुणी म्हणतं, तिने अंगठीतलं विष घेतलं. कुणी म्हणतं, ती सती गेली. कुणाला धक्क्याचं मरण पटतं. प्रत्येक पिढी आपल्याला पटेल तो शेवट निवडते. १९७२ साली ना. सं. इनामदारांनी ‘राऊ’ ही कादंबरी लिहिली. २०१५ च्या हिंदी चित्रपटाने तर दोघांना एकाच घटकेला मारलं.

सतीच्या कथेत मात्र एक अडचण आहे. पाबळला मस्तानीची कबर आहे.

अशाच दुसऱ्या प्रेमकथेत, रोमिओ-ज्युलिएटच्या मरणानंतर त्यांची भांडणारी घराणी समेट करतात. इथे तसा समेट नाही, पण त्याची एक खूण आहे. मस्तानीचा पोरका मुलगा समशेर बहादूर पेशव्यांच्याच घरात वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांकडून लढला. त्याच जखमांनी तो गेला. चित्रपट त्याच्या या पुढच्या आयुष्यापर्यंत पोचतच नाही.