तारण नाही म्हणून कर्ज नाही? महिला उद्योजकांची नेहमीची अडचण आणि उपलब्ध आधार

महिला उद्योजकांवरील परिसंवादांत अडचणींची मोठी यादी मांडली जाते. भांडवल नाही, प्रशिक्षण नाही, बाजारपेठ लांब, घरची कामे सुटत नाहीत, असे मुद्दे त्यात असतात. या लेखात त्यांपैकी एकाच अडचणीचा विचार केला आहे. घर आणि जमीन स्वतःच्या नावावर नसल्यामुळे बँकेत तारण देता येत नाही, ही ती अडचण. अनेक महिलांचे अर्ज इथेच थांबतात. प्रत्यक्षात लहान उद्योगाच्या कर्जासाठी तारण मागायचेच नाही, असा नियम आहे. तो कसा वापरायचा, हे इथे समजून घ्या.

म्हसवडचे उदाहरण

सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. तेथील म्हसवड गावात चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांनी स्वतःची बँक काढण्याचे ठरवले. मजुरी करणाऱ्या आणि लहान धंदा करणाऱ्या महिलांच्या छोट्या बचती घ्यायला तेव्हाच्या बँका तयार नव्हत्या. रिझर्व्ह बँकेने त्यांचा पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी अनेक जणी अंगठा लावणाऱ्या होत्या. महिलांनी लिहायला-वाचायला शिकायला सुरुवात केली आणि त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. आम्ही व्याजाचा हिशेब तोंडी करतो, तुम्ही तो यंत्राशिवाय करून दाखवा, असे त्यांनी सांगितले. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

नकाराचे नेमके कारण कळल्यामुळे त्यांना त्यावर उपाय करता आला. तुमचा अर्ज नाकारला गेला, तर तुम्हालाही पहिल्यांदा हेच करायचे आहे.

तारणाबाबत नियम काय सांगतो?

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना 20 लाख रुपयांपर्यंत कर्ज देताना बँकांनी तारण घ्यायचे नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून उभ्या राहणाऱ्या उद्योगांनाही 20 लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण द्यावे, असे या निर्देशांत वेगळे नमूद केले आहे.

इथे दोन गोष्टींत फरक करा. कर्जातून घेतलेले यंत्र आणि माल बँकेकडे गहाण राहतो. ते नियमाला धरून आहे आणि त्याला नकार देता येत नाही. घर, शेत, दागिने किंवा मुदत ठेव यांसारखी वेगळी मालमत्ता बँकेने मागितली, तर ते तारण झाले. 20 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी ते मागता येत नाही.

कर्ज बुडाले तर बँकेचे काय, हा शाखा व्यवस्थापकाचा प्रश्न रास्त असतो. त्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा पत हमी निधी आहे. महिलांच्या उद्योगांना या निधीतून 85 टक्के किंवा त्याहून अधिक हमी मिळते आणि हमी शुल्कात सवलतही असते. या हमीखाली दिलेल्या कर्जाला तिसऱ्या व्यक्तीचा जामीन लागत नाही. म्हणून पती किंवा दीर जामीन राहिल्याशिवाय कर्ज मिळणार नाही, असे सांगितले गेले, तर हे कर्ज पत हमी निधीखाली देता येईल का, असे विचारा.

मात्र ही हमी बँकेसाठी असते. हप्ते थकले तर निधी बँकेला भरपाई देतो, पण तुमचे देणे माफ होत नाही. वसुली सुरूच राहते आणि तुमची पतनोंदही खराब होते.

एक उदाहरण: मिरची-मसाला कांडप

समजा, दहिवडीजवळच्या गावात राहणाऱ्या एका महिलेला मिरची-मसाला कांडप सुरू करायचे आहे. घर सासऱ्यांच्या नावावर आणि शेत दिराच्या नावावर आहे. कांडप यंत्र, भाजणी यंत्र, वजनकाटा, पॅकिंग मशीन, शेडची दुरुस्ती आणि पहिल्या काही महिन्यांचा कच्चा माल धरून एकूण खर्च 6 लाख रुपये येतो.

ती पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्ज करते. या योजनेत महिला विशेष प्रवर्गात मोडतात. त्यामुळे तिला स्वतःचे 5 टक्के, म्हणजे 30,000 रुपये भरावे लागतात. उरलेले 5,70,000 रुपये बँक देते. ग्रामीण भागातील विशेष प्रवर्गासाठी अनुदान 35 टक्के आहे, म्हणजे 2,10,000 रुपये. शहरी भागात हेच अनुदान 25 टक्के असते. कर्ज 20 लाखांच्या आत असल्याने तारणाचा प्रश्न येत नाही. उत्पादन प्रकल्प 10 लाखांपेक्षा मोठा असेल तरच आठवी उत्तीर्ण असण्याची अट लागते. तिला ती लागू नाही.

अनुदान लगेच हातात येत नाही. ते बँकेत तिच्या नावाने तीन वर्षे मुदत ठेवीत राहते. या ठेवीवर तिला व्याज मिळत नाही, तसेच कर्जाच्या तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. म्हणजे व्याज 5,70,000 रुपयांवर नसून सुरुवातीला 3,60,000 रुपयांवर बसते. व्याजदर 11 टक्के धरला, तर वर्षाचे व्याज साधारण 62,700 रुपयांऐवजी 39,600 रुपये होते आणि पुढे हप्त्यांबरोबर कमी होत जाते. तीन वर्षांनी उद्योग सुरू असल्याची जागेवर पाहणी होते. त्यानंतर अनुदान कर्जखात्यात जमा होते.

खातेउताऱ्यावर पूर्ण रकमेवर व्याज लागलेले दिसले, तर अनुदान बँकेकडे आले का आणि त्याची ठेव झाली का, हे शाखेत विचारा.

अर्ज कुठे अडतो?

अर्ज kviconline.gov.in या संकेतस्थळावर भरता येतो. खादी व ग्रामोद्योग आयोग, राज्य खादी मंडळ किंवा जिल्हा उद्योग केंद्र तो तपासून बँकेकडे पाठवते. कर्ज द्यायचे की नाही, हे बँक ठरवते. या प्रवासात पुढील चुका नेहमी होतात.

*मंजुरीआधीच खरेदी.* दुकानदार सवलत देतो म्हणून उसने पैसे घेऊन यंत्र आणले आणि धंदा सुरू केला, तर तो चालू उद्योग ठरतो. आधीपासून चालू असलेल्या उद्योगाला हे अनुदान मिळत नाही. आधी फक्त दरपत्रक घ्या. तुमचा धंदा आधीच सुरू असेल, तर मुद्रा कर्जाचा विचार करा. त्यात अनुदान नसते, पण तारणही लागत नाही.

*एकाच घरातून दोन अर्ज.* पती-पत्नी मिळून एका कुटुंबातील एकालाच या योजनेचा लाभ मिळतो. पतीने पूर्वी लाभ घेतला असेल, तर तुमचा अर्ज बाद होईल. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून त्याच उद्योगासाठी अनुदान घेतले असेल, तरीही हा लाभ मिळत नाही.

*पतनोंदीतील जुने कर्ज.* पतीच्या किंवा नातेवाइकाच्या कर्जाला तुम्ही जामीन असाल आणि ते थकले असेल, तर त्याची नोंद तुमच्या नावावरही दिसते. प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. अर्ज करण्यापूर्वी तो काढून पाहा. फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल, तर ज्या बँकेचे कर्ज होते तिच्याकडून नोंद दुरुस्त करून घ्या.

*प्रशिक्षण राहून जाणे.* उद्योजकता विकास प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नसेल, तर अनुदानाचा प्रस्ताव पुढे जात नाही. अगदी लहान प्रकल्पांना यातून सूट आहे. तुमच्या प्रकल्पाला प्रशिक्षण लागते का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. जिल्ह्यातील ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत ग्रामीण महिलांना राहण्या-जेवणासह मोफत प्रशिक्षण मिळते.

*उद्योग मध्येच बंद पडणे.* तीन वर्षांच्या आत उद्योग बंद झाला, तर अनुदान परत जाते आणि पूर्ण कर्ज तुमच्यावर येते. त्यामुळे प्रकल्प अहवालातला खर्च अनुदानासाठी फुगवू नका. गावात वर्षभर किती किलो कांडपाचे काम मिळेल, यावरून यंत्राचा आकार ठरवा. उन्हाळ्यात मिरचीची रांग लागते, पावसाळ्यात काम कमी असते. हप्ता मात्र बाराही महिने द्यावा लागतो.

नकार मिळाला तर

तोंडी नकारावर परत येऊ नका. कर्ज नाकारताना बँकेने मुख्य कारण लेखी कळवायचे असते. 25 लाखांपर्यंतच्या अर्जावर निर्णय घेण्यासाठी, कागदपत्रे पूर्ण मिळाल्यापासून 14 कामकाजाच्या दिवसांची मुदत ठरलेली आहे. म्हणून कागदपत्रे देताना तारखेसह पोच घ्या.

लेखी कारण वाचून पुढचे पाऊल ठरवा. प्रकल्प तोट्याचा वाटतो असे म्हटले असेल, तर अहवाल सुधारून पुन्हा द्या. पतनोंद खराब असेल, तर ती आधी सुधारा. या कारणांविरुद्ध तक्रार करून सहसा उपयोग होत नाही, कारण कर्ज द्यायचे की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो. पण 20 लाखांच्या आतील कर्जासाठी तारण नाही, एवढेच कारण असेल, तर तो नियमाचा भंग आहे.

अशा वेळी आधी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार नोंदवता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

नावावर मालमत्ता येण्यासाठी

20 लाखांच्या पुढे वाढायचे असेल, तेव्हा मालमत्तेचा प्रश्न पुन्हा येऊ शकतो. महाराष्ट्रात 1992 पासूनच्या लक्ष्मी मुक्ती योजनेनुसार पती आपल्या हयातीत पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. त्यासाठी पतीने तहसील कार्यालयात अर्ज करावा.

अर्जापूर्वी तपासा

- आधार, पॅन, ग्रामीण भागाचा दाखला, प्रकल्प अहवाल आणि यंत्रांची दरपत्रके तयार आहेत का?
- स्वतःच्या हिश्श्याची 5 टक्के रक्कम तुमच्या खात्यात आहे का?
- पतनोंदीचा अहवाल पाहिला आहे का?
- योजनेचा मंजूर कालावधी 2021-22 ते 2025-26 असा होता. अर्ज सध्या स्वीकारले जात आहेत का आणि अटींत बदल झाला आहे का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारले का?