तीन मीटरवरून काय वाचता येतं?

संशोधन परिषदेत पोस्टरांच्या रांगेसमोरून जाणारा माणूस बहुधा पोस्टर वाचायला निघालेला नसतो. तो चहाकडे निघालेला असतो, ओळखीचं कुणी दिसतंय का ते बघत असतो, किंवा पुढचं सत्र कोणत्या खोलीत आहे हे शोधत असतो. जाता जाता त्याची नजर एखाद्या शीर्षकावर पडते. तो थांबला तर पोस्टर वाचलं जाणार, नाहीतर महिनाभराची मेहनत भिंतीवर टांगलेली राहणार. पोस्टरचा मजकूर तपासायचा तो या माणसाच्या नजरेने. बहुतेक ठिकाणी मात्र तो मार्गदर्शकांच्या टेबलावर, शांतपणे, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून तपासला जातो. तिथे तो हमखास पास होतो.

अशी तपासणी कशी करतात, हे महाराष्ट्रातल्याच एका गाजलेल्या संशोधनावर करून पाहता येईल. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या नवजात बालसेवेवरचा निबंध ‘द लॅन्सेट’मध्ये 1999 साली आला. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी जाऊन बाळांची काळजी घ्यायची, आणि जंतुदोष झालेल्या बाळाला घरीच प्रतिजैविकं द्यायची, असा तो प्रयोग होता. 39 गावांत ही सेवा दिली गेली. तुलनेसाठी दुसरी 47 गावं घेतली होती. हाच निबंध आज एखाद्या विद्यार्थ्याला पोस्टरवर मांडायचा आहे असं समजू.

पहिली परीक्षा शीर्षकाची. निबंधाचं शीर्षक साधारण असं आहे : घरी दिलेली नवजात बालसेवा आणि जंतुदोषावरील उपचार यांचा नवजात मृत्युदरावर परिणाम, ग्रामीण भारतातील क्षेत्रीय चाचणी. नियतकालिकासाठी ते चोख आहे. पोस्टरवर ते तोकडं पडतं, कारण परिणाम झाला एवढंच ते सांगतं, कोणता झाला ते सांगत नाही. रस्त्यावरच्या माणसासाठी ते असं करता येईल : ‘गावातल्या प्रशिक्षित स्त्रियांनी घरीच बाळांची काळजी घेतली, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू निम्म्याहून कमी.’ हे तीन मीटरवरून वाचता आलं, तर पुढचं काही न वाचता निघून गेलेला माणूसही मुद्दा घेऊन जातो.

निष्कर्ष असा मोठ्या अक्षरांत मधोमध लिहावा, ही कल्पना 2019 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातला मानसशास्त्राचा संशोधक-विद्यार्थी माइक मॉरिसन याने एका व्हिडिओतून मांडली आणि ती झपाट्याने पसरली. मधे एक सोपं वाक्य, बाजूला अरुंद पट्ट्यांत तपशील, आणि पूर्ण निबंधासाठी क्यूआर कोड. यावर टीकाही झाली आणि ती अगदीच वावगी नाही. नुसतं ठळक वाक्य वाचून वाचक विश्वास ठेवेल, पण का ठेवावा हे त्याला कळणार नाही. म्हणून वाक्याच्या लगत पुरावा हवा.

इथेच आकड्यांची निवड येते, आणि गडचिरोलीचं उदाहरण याबाबतीत फार बोलकं आहे. प्रयोगाच्या आधी सेवेच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे 62 नवजात बाळं दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा दर 25.5 झाला. निबंधातला निष्कर्ष सांगतो की मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. आता हे दोन्ही ‘62’ पोस्टरवर शेजारी आले की वाचक गोंधळणार. कुणी मनातल्या मनात हिशेब केला तर आणखी घोटाळा : 62 वरून 25.5 म्हणजे घट 59 टक्क्यांच्या आसपास येते. निबंधात चूक नाही. तिथली टक्केवारी दुसऱ्या गावांशी तुलना करून काढलेली आहे, आणि तिथला दर याच काळात 58 वरून 59.6 झाला होता. टेबलावर बसलेल्या वाचकाला हे उलगडायला वेळ असतो. उभ्या वाचकाला नसतो.

मग काय गाळायचं? टक्केवारी गाळावी. चार दरच ठेवावेत, तेही वाक्यात न लिहिता दोन रेषांच्या आलेखात : एक रेष 62 वरून 25.5 वर उतरणारी, दुसरी 58 वरून 59.6 वर जवळजवळ आडवी. मजकूर आटोपशीर करायच्या नादात पुष्कळदा दुसरी रेषच कापली जाते, आणि ते संक्षेपाचं सर्वांत वाईट रूप. ती नसेल तर मृत्यू एरवीही कमी झालेच असते का, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. त्याउलट पोस्टरवर वेगळा सारांश छापायची गरज नसते. पोस्टर हाच सारांश असतो. पूर्वीच्या संशोधनाचा लांबलचक आढावाही बिनदिक्कत उडवावा. एकूण शब्द तीनशे ते पाचशेच्या घरात राहिले तर उभ्याने वाचणं जमतं.

क्रमाचा दोष ओळखायला सोपा असतो. बहुतेक पोस्टरं निबंधाच्या क्रमाने चालतात : प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धत, आणि निष्कर्ष अगदी शेवटी, उजव्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर. तो वाचायला माणसाला वाकावं लागतं आणि कुणी वाकत नाही. गडचिरोलीच्या पोस्टरवर आलेख डोळ्यांच्या पातळीवर हवा, त्याखाली सेवा नेमकी कोणी आणि कशी दिली हे चार ओळींत, आणि त्यालाच लागून मर्यादा : गावांची वाटणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती. ही ओळ तळाशी बारीक अक्षरांत ढकलली, तर जाणकार वाचकाच्या मनात पहिला संशय तिथूनच सुरू होतो.

सुबोधपणाची अडचण अनेकदा लघुरूपांत लपलेली असते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत वाणिज्यापासून वैद्यकापर्यंत सगळे विषय एकत्र येतात. तिथे पोस्टरवर नुसतं ‘एनएमआर’ लिहिलं, तर वैद्यकाच्या विद्यार्थ्याला नवजात मृत्युदर दिसेल आणि शेजारच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला चुंबकीय अनुस्पंदन. ‘नवजात मृत्यू’ लिहायला जागा थोडी जास्त लागते, तेवढी द्यावी.

छापायला देण्याआधी दोन चाचण्या घरीच होतात. ए-झिरो आकाराचं पोस्टर ए-फोर कागदावर छापलं की सगळं लांबी-रुंदीत चौपट लहान होतं. तो कागद हातात चाळीस सेंटिमीटरवर धरला, तर पोस्टर एकशे साठ सेंटिमीटरवरून जसं दिसेल तसंच दिसतं. त्यावरचं एखादं वाक्य वाचायला डोळे बारीक करावे लागले, तर ते भिंतीवरही वाचलं जाणार नाही. दुसऱ्या चाचणीला दुसऱ्या विषयाचा एक माणूस लागतो. त्याला तो कागद दहा सेकंद दाखवून काढून घ्यायचा. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नये, कारण त्याचं उत्तर ‘छान’ हेच येतं. काय सापडलं, कोणामुळे आणि कशाच्या तुलनेत, एवढं विचारावं. ‘गडचिरोलीतल्या बाळांबद्दल काहीतरी होतं’ असं तो म्हणाला, तर शीर्षक बदलायचं. मृत्यू कमी झाल्याचं सांगितलं पण ते डॉक्टरांनी केलं असं त्याला वाटलं, तर ‘गावातल्या प्रशिक्षित स्त्रिया’ हे शब्द पुरेसे ठळक नाहीत. आणि दुसऱ्या गावांची रेष त्याच्या लक्षातच आली नसेल, तर आलेखावर त्या रेषेचं नाव रेषेला चिकटूनच लिहायचं, सूचीच्या चौकटीत नाही.