अनोळखी महाविद्यालय आणि पीएच.डी.चा अर्ज

अमेरिकेतल्या विद्यापीठात गणिताच्या पीएच.डी.साठी आलेले अर्ज त्या विभागातलेच काही प्राध्यापक वाचतात. बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुमारास मुदत संपते आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांना शेकडो अर्जांतून मोजके विद्यार्थी निवडायचे असतात. हाताशी असतात गुणपत्रके, सहसा तीन शिफारसपत्रे आणि एक-दोन पानांची ‘एसओपी’, म्हणजे अर्जदाराने स्वतःचा अभ्यास आणि पुढचा बेत सांगणारे निवेदन. आयआयटीचे किंवा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी अशा विभागांत आधी येऊन गेलेले असतात, त्यामुळे तिथल्या गुणांचा अर्थ कसा लावायचा हे समितीला ठाऊक असते. नंदुरबार किंवा हिंगोली जिल्ह्यातल्या संलग्न महाविद्यालयाचे गुणपत्रक हाती आले की मात्र मापच सापडत नाही. ‘रिअल ॲनालिसिस’मध्ये ७८ गुण आहेत, पण शिकवले कोणते पुस्तक? परीक्षेत नव्या सिद्धता विचारल्या होत्या की दरवर्षीचेच प्रश्न? संलग्न पद्धतीत अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते आणि मुख्य परीक्षाही तेच घेते. एखाद्या शिक्षकाने वर्गात त्यापलीकडे कितीही शिकवले, तरी गुणपत्रकावर त्याची खूण उमटत नाही.

अर्जदाराला भरून काढायची असते ती हीच जागा. महाविद्यालय लहान होते, ग्रंथालय अपुरे होते, अशी कैफियत मांडून ती भरत नाही. आपणहून केलेला कसदार अभ्यास ती भरू शकतो, पण बाहेरच्या माणसाला तो पडताळून पाहता आला तरच.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.एस्सी. आणि मग विद्यापीठाच्या विभागातून एम.एस्सी. केलेली एक विद्यार्थिनी अर्ज करते आहे. (तीन वर्षांच्या पदवीवर अनेक अमेरिकी विद्यापीठे थेट प्रवेश देत नाहीत, म्हणून एम.एस्सी. आधी होते.) एसओपीच्या पहिल्या खर्ड्यात ती लिहिते: ‘महाविद्यालयात सोयी नसूनही गणिताच्या आवडीपोटी मी रुडिन, आर्टिन आणि मंक्रेस यांची पुस्तके स्वतः वाचून काढली.’ हे वाक्य खरे असेलही, पण समितीला त्यातून काहीच कळत नाही. पुस्तकांची नावे कुणीही लिहू शकतो. शिवाय तीन जाड पुस्तके ‘वाचून काढली’ म्हटल्यावर अनुभवी वाचकाला शंकाच येते, कारण गणिताचे पुस्तक कादंबरीसारखे वाचून होत नाही.

दुसऱ्या खर्ड्यात ती दोन पुस्तके गाळते. बी.एस्सी.चा विश्लेषणाचा अभ्यासक्रम कुठे थांबत होता, ते एका वाक्यात सांगते. त्यापुढे जाण्यासाठी वॉल्टर रुडिन यांच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिकल ॲनालिसिस’ची पहिली सात प्रकरणे केली आणि त्यातली निम्म्याहून अधिक उदाहरणे लिहून सोडवली, असे नोंदवते. मग एकाच जागी थांबते. सातव्या प्रकरणात, डिनीचे म्हणून ओळखले जाणारे एक प्रमेय आहे. फलनांची क्रमिका प्रत्येक बिंदूवर सीमेकडे जात असेल, तर ती सगळीकडे एकसमान रीतीने जाते असे केव्हा म्हणता येईल, हे ते सांगते. त्याला चार अटी आहेत: प्रांत संहत असावा, फलने संतत असावीत, सीमाफलनही संतत असावे आणि क्रमिका एकाच दिशेने, म्हणजे सतत उतरती किंवा सतत चढती असावी. या विद्यार्थिनीने एकेक अट काढून टाकली आणि प्रमेय कुठे मोडते ते पाहिले. 0 आणि 1 यांच्यामधल्या खुल्या अंतरालावर 1/(nx+1) ही फलने प्रत्येक बिंदूवर शून्याकडे उतरतात, पण n कितीही मोठा घेतला तरी 0 च्या अगदी जवळ त्यांची किंमत 1 च्या आसपासच राहते. संहत प्रांताची अट का हवी, ते इथे दिसते. हे उदाहरण रुडिनच्या पुस्तकातच आहे आणि ती तसे स्पष्ट सांगते. फलनांच्या सांतत्याची अट काढल्यावर मात्र तिने स्वतःचे उदाहरण रचले: 0 आणि 1/n यांच्यामध्ये किंमत 1, इतरत्र 0.

हे संशोधन नव्हे. गणिताच्या प्राध्यापकाला त्यात नवे काहीच नाही. पण प्रमेय पाठ करणारा आणि त्याची प्रत्येक अट हलवून पाहणारा यांतला फरक या चार-पाच ओळींत दिसतो, आणि समिती शोधत असते तोच. कोणते उदाहरण पुस्तकातले आणि कोणते आपले, हे सांगणे इथे शिष्टाचारापुरते नसते. अर्ज वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी हेच पुस्तक शिकवलेले असते. उसने उदाहरण स्वतःचे म्हणून मांडले तर ते लगेच ओळखतात, आणि मग उरलेल्या अर्जावरचाही विश्वास जातो.

एवढ्यानेही काम पुरे होत नाही, कारण हे सारे सांगते आहे ती अर्जदारच. साक्षीदार बाहेरचा लागतो. प्रा. एस. कुमरेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या एमटीटीएस या उन्हाळी कार्यक्रमात विद्यार्थ्यांना काही आठवडे प्रश्न विचारून स्वतः सिद्धता शोधायला लावतात. तिथे शिकवणारा प्राध्यापक डोळ्यांनी पाहिलेल्या कामावर पत्र लिहू शकतो. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपमधून एखाद्या संस्थेतल्या मार्गदर्शकाकडे काम करता येते आणि हाती लेखी अहवाल उरतो. माधव गणित स्पर्धा, आयआयटी जॅम किंवा जीआरईची गणित विषयाची परीक्षा यांतली कामगिरी महाविद्यालयाच्या नावावर अवलंबून नसते. ऑनलाइन अभ्यासक्रम नुसता पाहिल्याचे प्रमाणपत्र फारसे वजन धरत नाही. एनपीटीईएलची केंद्रावर जाऊन दिलेली परीक्षा त्याहून बरी.

गावच्या महाविद्यालयातल्या शिक्षकाचे पत्रही उपयोगी पडते, पण ‘प्रामाणिक, कष्टाळू, आज्ञाधारक’ या विशेषणांनी नाही. दर शनिवारी ती फळ्यावर सिद्धता मांडत होती, अमुक ठिकाणी अडली आणि पुढच्या आठवड्यात तिने ती अडचण अशी सोडवली, हे त्या शिक्षकाशिवाय कुणी सांगू शकत नाही. त्यासाठी तिने आपली वही आणि केलेल्या प्रकरणांची यादी त्याच्याकडे द्यावी. पत्राचा मसुदा मात्र स्वतः लिहून देऊ नये. ही प्रथा आपल्याकडे सर्रास चालते, आणि तिन्ही पत्रांत तीच वाक्यरचना दिसली की समितीला ती कळते.

या उपायाला मर्यादा आहेत. पात्रतेचा किमान निकष पुरा होत नसेल, तर स्वतःच्या अभ्यासाचा परिच्छेद सहसा कामी येत नाही. प्रायोगिक रसायनशास्त्रात किंवा जीवशास्त्रात वहीतला अभ्यास प्रयोगशाळेतल्या अनुभवाची जागा घेत नाही. पैसे भरून नियतकालिकात छापलेला लेख ‘संशोधन’ म्हणून जोडला तर तो उलटा बाधतो. मुलाखत घेतली गेली तर लिहिलेल्या प्रत्येक प्रकरणावर प्रश्न येऊ शकतो, त्यामुळे जे फळ्यावर मांडता येणार नाही ते एसओपीत नसलेलेच बरे.

पत्र लिहू शकेल असा बाहेरचा कुणीच नसेल, तर अर्ज लांबवणे शहाणपणाचे ठरते. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट किंवा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट इथल्या पदव्युत्तर प्रवेशाचा मुख्य आधार प्रवेश परीक्षा असतो. आधी कुठे शिकलात याला तिथे फारसे महत्त्व नसते. तिथली दोन वर्षे झाल्यावर गुणपत्रक समितीच्या ओळखीचे असते आणि पत्र लिहिणारेही. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या रुडिनच्या वहीला मग एसओपीत दोन ओळी पुरतात.