भरलेली बॅटरी दगा का देते?

बाळापूरसारख्या वऱ्हाडातील गावात उन्हाळ्यात वीज गेली, की इन्व्हर्टरचाच आधार असतो. मात्र रात्रभर चार्ज केलेली जुनी बॅटरीही कधीकधी पंखे सुरू होताच मान टाकते. याचे कारण बहुधा तिच्या अंतर्गत रोधात दडलेले असते.

बॅटरीतील प्लेटा, जोड आणि आम्ल विद्युतप्रवाहाला थोडा विरोध करतात. प्रवाह जितका मोठा, तितके अधिक व्होल्ट या विरोधातच खर्ची पडतात. समजा, भार नसताना मीटर १२.७ व्होल्ट दाखवतो. ३० अँपिअरचा भार टाकल्यावर चांगल्या बॅटरीत आकडा १२.४ वर येतो. घट ०.३ व्होल्ट, म्हणजे रोध ०.०१ ओहम. जुन्या बॅटरीत तोच आकडा १०.९ वर घसरला, तर रोध सहापट झाला. इन्व्हर्टर साधारणतः साडेदहा व्होल्टच्या आसपास बंद होत असल्याने भार किंचित वाढताच अंधार होतो. भाराविना मात्र दोन्ही बॅटऱ्या सारख्याच भासतात.

वयानुसार प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण थर साचतात, आतील जाळी गंजते, पाणी आटते. उष्णतेने हे सारे वेगाने घडते.

परंतु अर्धवट चार्ज किंवा गंजलेले टर्मिनल यांमुळेही अशीच घट दिसते. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज करून, काही तास विसावू देऊन, मीटर थेट तिच्या खुंट्यांवर लावावा. तरीही घट मोठीच राहिली, तर बॅटरीचे आयुष्य सरत आल्याचे समजावे.