लाराची उडी आणि चौकोनांचा हिशेब

‘टूम रेडर’चे पहिले तीन भाग १४ फेब्रुवारी २०२४ रोजी रीमास्टर होऊन आले, तेव्हा जुन्या खेळाडूंनी सर्वांत आधी सेटिंग्जमध्ये जाऊन कंट्रोलचे पर्याय पाहिले. तिथे दोन पर्याय होते. एक १९९६ सालचा, ज्याला गेमर ‘टँक कंट्रोल’ म्हणतात, आणि दुसरा ‘मॉडर्न’. ज्यांना लारा क्रॉफ्ट हवी होती पण तिला रणगाड्यासारखं वळवत बसायचा कंटाळा होता, त्यांनी अर्थातच मॉडर्न निवडला. सुरुवातीच्या गुहांमध्ये तो छान चालला. पुढे मात्र अनेकांच्या उड्या चुकायला लागल्या, लारा दरीत पडायला लागली, आणि बरेच जण निमूटपणे टँक कंट्रोलकडे परतले. असं का झालं हे समजलं, तर कुठल्याही जुन्या गेमचा रीमास्टर घ्यावा की मूळ आवृत्ती, हे ठरवणं सोपं जातं.

आधी टँक कंट्रोल म्हणजे काय ते पाहू. डावं-उजवं बटण दाबलं की लारा चालत नाही, जागच्या जागी वळते. वरचं बटण दाबलं की तिचं तोंड जिकडे असेल तिकडे ती पळते, मग ती पडद्यावर तुमच्याकडे तोंड करून उभी असली तरी. आजच्या गेममध्ये स्टिक ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला पात्र जातं. त्याची सवय झालेल्या हाताला जुनी पद्धत अवघडलेली वाटते. पण १९९६ मध्ये सेगा सॅटर्न आणि प्लेस्टेशनसोबत जे पॅड मिळायचे, त्यांवर स्टिकच नव्हती. हाताशी होती फक्त चार दिशांची बटणं. इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या ‘कोअर डिझाइन’ या कंपनीने त्या चार बटणांत बसेल असा गेम बनवला, आणि पुढचं सगळं त्यावर बेतलं.

‘बेतलं’ हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. मूळ ‘टूम रेडर’चं सगळं जग सारख्या आकाराच्या चौकोनांचं आहे. गुहा असो, मंदिर असो की बुडालेला तलाव, सगळी जमीन या चौकोनांत मांडलेली आहे आणि लाराच्या हालचाली त्याच मापात बसवलेल्या आहेत. उभ्याने मारलेली उडी एका चौकोनाची दरी पार करते. पळत मारलेली उडी दोन चौकोनांची. पळत उडी मारून पलीकडची कड हाताने पकडली, तर तीन चौकोनांची. त्यामुळे मुरलेला खेळाडू दरीसमोर अंदाज बांधत नाही, तो चौकोन मोजतो. तीन भरले तर कड पकडायची, चार भरले तर वाट दुसरीकडे कुठेतरी आहे.

आता पळत मारायची एक उडी टप्प्याटप्प्याने पाहू. समोर दोन चौकोनांची दरी आहे. टँक कंट्रोलमध्ये तुम्ही चालण्याचं बटण दाबून ठेवता आणि लाराला कडेपर्यंत नेता. ते बटण दाबलेलं असेपर्यंत ती कडेवरून खाली पडत नाही, टोकाला आपोआप थांबते. मग ते सोडून मागचं बटण एकदाच टिचकवता. लारा टुणकन मागे उडी घेते, साधारण एक चौकोन. पळत उडी मारायला जेवढी धाव लागते, तेवढंच हे अंतर आहे. आता पुढचं बटण आणि लगेच उडीचं बटण दाबून ठेवायचं. लारा लगेच उडत नाही. ती पावलं पूर्ण करते आणि नेमकी कडेवरून झेपावते. नव्या खेळाडूला हा उशीर म्हणजे गेमचा आळस वाटतो. खरं तर उडीचा क्षण साधायची जबाबदारी गेमने स्वतःकडे घेतलेली असते. तुमचं काम फक्त रोख सरळ ठेवण्याचं, आणि डावी-उजवी बटणं थोडी थोडी दाबून तो रोख हवा तेवढा बारीक जुळवता येतो.

हीच उडी मॉडर्न कंट्रोलने मारून पाहा. स्टिक मागे ओढली की लारा मागे उडी घेत नाही, वळून कॅमेऱ्याकडे पळत येते. म्हणजे मोजून एक चौकोन मागे जाण्याची सोय हातातून गेली. तुम्ही डोळ्यांनी अंदाज घेत मागे येता, पुन्हा वळता, स्टिक पुढे ढकलता. अंगठा किंचित तिरका गेला तर लाराही तिरकी जाते. सपाट जमिनीवर याने काही बिघडत नाही. पण दोन चौकोनांची दरी तिरकी ओलांडायची तर अंतर दोनापेक्षा जास्त भरतं, आणि उडी तेवढ्यानेच हुकते. त्यात ठरावीक जागी गेम स्वतः कॅमेरा फिरवतो. दिशा कॅमेऱ्यावरून ठरत असल्यामुळे ‘पुढे’ म्हणजे कुठे, हे पाऊल टाकता टाकताच बदलून बसतं.

पहिल्या भागातल्या ‘सेंट फ्रान्सिस फॉली’ या लेव्हलमध्ये हा फरक सर्वांत लख्ख दिसतो. तिथे एक खोल, उभा दालनासारखा भाग आहे. त्यात कडेकडेने उतरत थॉर, नेपच्यून, ॲटलस आणि डॅमोक्लिस यांच्या नावाच्या खोल्यांमध्ये जायचं असतं. अरुंद कडा, खाली खोल जमीन, आणि प्रत्येक उडी चौकोन मोजून रचलेली. टँक कंट्रोलने हा भाग सावकाश पण खात्रीने पार होतो. मॉडर्नने खेळणारा मात्र प्रत्येक उडीआधी गेम सेव्ह करत बसतो.

म्हणजे या रीमास्टरमध्ये बदललं काय आणि राहिलं काय, हे वेगळं करून पाहायला हवं. चित्रं नवी आली, प्रकाश नवा आला, एक बटण दाबलं की खेळता खेळता जुनी चित्रं परत आणायची सोय आली. प्लेस्टेशनच्या मूळ पहिल्या भागात ठरावीक निळ्या स्फटिकांपाशीच सेव्ह करता यायचं, आता कुठेही येतं. पण जमीन तीच आहे. एकही दरी अर्ध्या चौकोनाने अरुंद केलेली नाही. जुन्या हालचालींच्या मापाने बांधलेल्या जगात नव्या हालचाली सोडल्या, की अडचण होणारच.

यावर खरा उपाय करायचा तर जगच नव्याने बांधावं लागतं. त्याला रीमेक म्हणतात, आणि लाराच्या बाबतीत तोही झालेला आहे. ‘क्रिस्टल डायनॅमिक्स’ने २००७ मध्ये ‘टूम रेडर ॲनिव्हर्सरी’ या नावाने पहिला भाग पुन्हा रचला. त्यात चौकोनांची शिस्त सोडून दिली, लाराच्या हाती दोरीचा आकडा दिला, आणि उडी थोडी इकडेतिकडे गेली तरी कड पकडायला गेम मदत करतो. कंट्रोल हाताला सहज बसतात, कारण कडा आणि दऱ्या त्यांच्यासाठीच मांडलेल्या आहेत. किंमत अशी की खोल्यांची नावं ओळखीची वाटतात, पण कोडी आणि वाटा बदललेल्या आहेत. कथा आणि वातावरण आठवत असेल तर ‘ॲनिव्हर्सरी’ आवडेल. एखादी विशिष्ट उडी आठवत असेल तर ती तिथे सापडणार नाही.

मूळ आवृत्तीही संगणकासाठी अजून विकत मिळते. ती डॉसच्या काळातली असल्याने आजच्या पडद्यावर ओबडधोबड दिसते. चाहत्यांनी बनवलेलं TR1X हे इंजिन मूळ गेमच्या फाइल्स वापरून तोच गेम आजच्या संगणकावर नीट चालवतं. त्यात बटणं बदलता येतात आणि दुसऱ्या भागासारखी अधिक चपळ उडी चालू करता येते. लेव्हल जशाच्या तशा ठेवून फक्त हाताचा त्रास कमी करायचा, असा हा मधला मार्ग आहे. मात्र तो संगणकापुरताच, आणि थोडी मांडामांड स्वतः करावी लागते.

जुने सगळे कंट्रोल असे विचारपूर्वकच बनले होते, असंही नाही. लाराचाच २००३ सालचा ‘एंजल ऑफ डार्कनेस’ घ्या. त्यात बटण दाबल्यावर लारा हलायला वेळ लावायची, आणि त्या उशीरामागे कुठलंही मापाचं गणित नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चार ते सहा भागांचा रीमास्टर आला. या सहाव्या भागाची मूळ प्रत जपण्यात अर्थ नाही, सरळ रीमास्टर घ्यावा.

तिसरा प्रकार ‘रेसिडेंट ईव्हिल’चा. तिथेही टँक कंट्रोलच होते, पण कारण वेगळं होतं. प्रत्येक खोलीत कॅमेरा भिंतीला खिळलेला, आणि पात्र पुढे गेलं की दृश्य एकदम बदलणार. ‘वरचं बटण म्हणजे पात्राच्या तोंडाची दिशा’ हा नियम असल्यामुळे दृश्य बदललं तरी पाय अडखळत नव्हते. २००२ च्या रीमेकवरून २०१५ मध्ये जी एचडी आवृत्ती आली, तिच्यात स्टिकच्या दिशेने चालायची सोय दिली. दृश्य बदललं तरी तुम्ही स्टिक सोडेपर्यंत पात्र आधीच्याच दिशेने चालत राहतं. ही सोय नीट चालते, कारण तिथे उड्यांचं गणित नाही. फक्त भीती थोडी कमी होते. वळायला लागणारा वेळ हाच मूळ गेममधला धोका होता, आणि नव्या कंट्रोलने झॉम्बीला वळसा घालून निसटणं सोपं होतं.

तेव्हा रीमास्टर घेण्याआधी तो गेम कशाने अवघड होतो ते आठवा. मोजून मारलेल्या उड्यांनी होत असेल, तर नवे कंट्रोल त्रास देतील. भांडणांनी किंवा पळापळीने होत असेल, तर ते बहुतेक सोयीचे पडतील, गेम जरा सोपा होईल एवढंच. आणि बटण दाबल्यावर पात्र मुळात हलतच नव्हतं असं आठवत असेल, तर मूळ आवृत्तीचा मोह सोडा.

‘टूम रेडर’च्या पहिल्या तीन भागांपुरता निर्णय स्पष्ट आहे. रीमास्टर घ्या, पण टँक कंट्रोलवर खेळा. पहिल्याच दिवशी गुहेत शिरू नका. मेनूमधून लाराच्या घरी जा. तिथल्या व्यायामशाळेत ती स्वतः एकेक हालचाल शिकवते आणि पडून मरायची भीती नसते. मागे उडी, धाव, झेप हा क्रम तिथेच हातात बसवा. पुढे एखादी दरी किती चौकोनांची आहे ते नव्या चित्रांत कळेना, किंवा अंधारात एखादी कळ दिसेना, तर बटण दाबून जुनी चित्रं लावा. चौकोनांच्या रेषा त्यांत साफ दिसतात. एवढं केल्यावरही कंट्रोल हाताला बसले नाहीत, तर ‘ॲनिव्हर्सरी’ तुमच्यासाठीच आहे.