ईमेलखालची सही: चौदा ओळींच्या चार कशा कराव्यात

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतला विक्री प्रतिनिधी चाकणच्या कारखान्यातल्या खरेदी अधिकाऱ्याला पहिल्यांदाच ईमेल पाठवतोय, असं समजू. मजकूर सहा ओळींचा, नेटका. खालची सही मात्र चौदा ओळींची: रंगीत लोगो, हसरा फोटो, समाजमाध्यमांची पाच चिन्हं, एक सुविचार, ‘कागद वाचवा’ आणि वर गोपनीयतेचा इशारा.

बाहेरच्या सर्व्हरवरून येणारी चित्रं आउटलुक सहसा आपणहून उघडत नाही. त्यामुळे लोगोच्या जागी अधिकाऱ्याला रिकामा चौकोन दिसतो. चित्र ईमेलमध्येच घातलं तर काही ठिकाणी ते जोडपत्र म्हणून दिसतं आणि तो बिचारा ‘ड्रॉइंग आलंय वाटतं’ म्हणत image001.png उघडतो. काहीजण तर अख्खी सहीच चित्र करून टाकतात. मग नंबर कॉपी करता येत नाही, मोबाईलवर बोट लावून फोन लागत नाही आणि महिन्याभराने तोच नंबर शोधायचा म्हटलं तर सापडत नाही.

उत्तर देण्याआधी अधिकारी एकच गोष्ट ताडून पाहतो: हा माणूस खरा आहे का? त्यासाठी साध्या अक्षरांत पूर्ण नाव, हुद्दा, कंपनीचं नाव, एक मोबाईल नंबर आणि संकेतस्थळ एवढं पुरतं. हुद्दा कळेल असा हवा. ‘विक्री अधिकारी, पंप कास्टिंग’ यातून जे समजतं, ते ‘ग्रोथ पार्टनर’मधून समजत नाही. संकेतस्थळ कंपनीच्या नावाचं आणि ईमेल मात्र gmail.com वरून, असं असलं की शंका आलीच. लघुरूप केलेल्या लिंकचंही तेच, कारण ती कुठे नेणार हे दिसत नाही.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला एक जादा ओळ लागते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार व्यावसायिक पत्रांवर नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन द्यावा लागतो. ईमेललाही तोच नियम धरलेला बरा. गोपनीयतेचा इशारा मात्र, कंपनीच्या वकिलांचा आग्रह नसेल तर, खुशाल काढावा. आपणच अनोळखी माणसाला दरपत्रक पाठवायचं आणि खाली ‘चुकून मिळाल्यास नष्ट करा’ म्हणायचं, याला काय अर्थ?

उत्तर हवं असेल तर मजकुराच्या शेवटी एकच प्रश्न असावा, ‘कास्टिंगचं ड्रॉइंग पाठवाल का?’ असा. सहीत ‘मीटिंग ठरवा’, ‘कॅटलॉग पाहा’, ‘व्हिडिओ पाहा’ अशी बटणं असली की तो प्रश्न मागे पडतो.

पुढच्या उत्तरांत नाव आणि मोबाईल एवढंच ठेवावं. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये नव्या ईमेलसाठी एक आणि उत्तरांसाठी दुसरी सही लावता येते. तसं केलं नाही, तर पाचव्या उत्तरापर्यंत किलोचा ठरलेला दर सह्यांच्या ढिगात शोधावा लागतो.